तंबोऱ्याच्या ट्रॅकवरचा खर्ज

आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळींत एका गायनाच्या बाईंची गोष्ट अजून आदराने सांगितली जाते. आवाज उतरू लागलाय हे बाईंनी स्वतः ओळखलं, कुणी सांगायच्या आत तंबोरा शिष्येच्या हाती दिला आणि त्या शोभेने थांबल्या, असं म्हणतात. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण खरी नाही. बाईंचा आवाज उतरला नव्हता. तो उतरलाय असं त्यांना सांगणारा माणूस मी होतो, आणि माझी चूक मला कळल्यावरही मी गप्प बसलो. आता माझं वय झालं आहे. तेव्हाची माणसं एकेक करून जात आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

मी मूळचा रेडिओ मेकॅनिक. फ्रीगंजमध्ये माझं छोटं दुकान होतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नातले अ‍ॅम्प्लिफायर, सगळं दुरुस्त करायचो. नव्वदच्या आसपास बाहेरचा माल सहज मिळू लागला, घरोघरी टेप आले आणि भजनांच्या कॅसेट भाजीसारख्या खपायला लागल्या. तेव्हा मी दुकानाच्या वरची खोली घेतली, भिंतींना काथ्याचे गद्दे ठोकले, मधे काच बसवली आणि स्टुडिओ काढला. टावर चौक जवळ असल्यामुळे हॉर्नचा त्रास फार. म्हणून रेकॉर्डिंग सकाळी, बाजार उघडायच्या आत करायचो. श्रावणात सोमवारी तर दुकानच बंद, कारण महाकालाची सवारी निघते त्या दिवशी ढोल-झांजांचा आवाज अंगावर येतो असं वाटायचं, फ्रीगंज तिथून लांब असूनही.

स्टुडिओत चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर होता. गाणं एका ट्रॅकवर, तंबोरा दुसऱ्यावर, तबला आणि पेटी उरलेल्या दोनवर. तबला, पेटी आणि तंबोऱ्याला साधे डायनॅमिक माइक. त्यांत चुंबक आणि तारेची गुंडाळी असते, बाहेरून वीज लागत नाही, हातातून पडले तरी चालतात. गाण्यासाठी मात्र मी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून कंडेन्सर माइक आणला होता. तो माझ्या स्टुडिओची पाटी होता म्हणा. लोक तो बघायला यायचे.

त्या माइकबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच्या तोंडाशी एक चकती असते, तिला कॅप्सूल म्हणतात. तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा असतो, इतका पातळ की फुंकर मारायचीसुद्धा भीती वाटावी. त्याच्यामागे केसाएवढं अंतर सोडून भोकं पाडलेली धातूची पाटी. पडदा आणि पाटी यांच्यात विजेचा भार भरून ठेवलेला असतो. गाणाऱ्याच्या आवाजाने पडदा हलतो, तो पाटीच्या जवळ जातो, लांब जातो. भार तेवढाच राहतो, पण अंतर बदललं की व्होल्टेज बदलतं. तो बदल म्हणजेच गाणं. हा बदल फार नाजूक असतो. त्यातून जरासाही करंट ओढला तर भार निसटेल. म्हणून कॅप्सूलच्या मागेच एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, तो व्होल्टेज नुसतं बघतो, त्यातून घेत जवळजवळ काहीच नाही. मग तोच आवाज अंगात ताकद घेऊन पुढे तारेवर जातो.

हा भार ठेवायला आणि ट्रान्झिस्टर चालवायला वीज लागते. ती वेगळ्या तारेने येत नाही. ज्या दोन तारांवरून गाणं बाहेर येतं त्याच दोन तारांवरून वीज आत जाते, आणि त्या तारांवर गुंडाळलेल्या जाळीवरून परत येते. दोन्ही तारांना सारख्याच किमतीचे रेझिस्टर लावून सारखीच वीज दिलेली असते, त्यामुळे दोन तारांत त्या विजेचा फरक शून्य. पुढचं यंत्र फक्त दोन तारांतला फरक ऐकतं, म्हणून त्याला वीज दिसत नाही, गाणं तेवढं दिसतं. याला फँटम पॉवर, म्हणजे भुताची वीज, म्हणतात. माझ्या मिक्सरमध्ये ही सोय नव्हती. मी पत्र्याच्या डब्यात नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ती केली होती. लाइट जायची तरी हे काम थांबायचं नाही, आणि मेनची घूंऽऽ पण यायची नाही. आमचा तबलजी मथुरेकडचा, तो डब्याला भूत म्हणायचा.

"भूत चढाया के नहीं, दादा? फिर बाद में बोलोगे आवाज़ नहीं आया."

"चढवलं, चढवलं. तू तबला लाव."

त्या उन्हाळ्यात माइक मधेच बंद पडू लागला. हलवला की खट् व्हायचा आणि परत चालू. मी उघडला. कॅप्सूलकडून येणारी बारीक तार ट्रान्झिस्टरजवळ जिथे जोडलेली होती तो जोड सुटला होता. पांढऱ्या चकचकीत प्लास्टिकची एक छोटी खुंटी होती, तिच्या टोकावर तो जोड होता. मी काविया, म्हणजे डाग द्यायची सळई, तापवला, कथील धरायला लावतात त्या पेस्टची डबी उघडली, काडीने थोडी पेस्ट लावली आणि जोड पक्का केला. आमच्या बाजारातला प्रत्येक मेकॅनिक हेच करायचा. पिवळी पेस्ट लावली की कथील पाण्यासारखं पसरतं. उरलेली पेस्ट मी बोटाने पुसली, बोट पँटला. हजार रेडिओ असेच दुरुस्त केले होते, एकाचीही तक्रार आली नव्हती. माइक लावून बघितला, उत्तम चालला. मे महिना होता, हवा कोरडी ठणठणीत.

बाई माधव नगरला राहायच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या नोकरीत इकडे आले होते, मराठी बोलताना मधेच हिंदी शब्द यायचे, आणि राग आला की फक्त हिंदी. त्यांचा खर्ज गावात प्रसिद्ध होता. बायका सहसा तिथे उतरत नाहीत. बाई मंद्रातल्या पंचमावर जाऊन बसायच्या आणि तिथून उठायचं नाव घ्यायच्या नाहीत. त्यांची कॅसेट कधी निघाली नव्हती. त्यांना ती हवी होती, हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण शेजारच्या खोलीतली एक भिंत त्यांनी कपाट हलवून रिकामी केली होती. त्यांची शिष्या मला म्हणाली, "कॅसेटचं पोस्टर तिथे लावायचंय म्हणे, बघा."

इंदूरचे एक शेठ भजनांच्या कॅसेट काढायचे. त्यांनी मला काम देऊ केलं होतं. पहिली कॅसेट चांगली झाली तर पुढचं सगळं उज्जैनचं काम माझ्याकडे. मी बाईंचं नाव सुचवलं. शेठ म्हणाले, ठीक आहे, सैंपल सुनेंगे.

आम्ही रेकॉर्डिंग श्रावणात ठेवलं, कारण कार्तिकाच्या आत कॅसेट बाजारात यायला हवी होती. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. गद्द्यांना ओला काथ्याचा वास सुटला होता. कपाटातल्या कॅसेटवरही बुरशी धरू लागली होती. पंखा बंद करावा लागायचा, त्याचा आवाज माइक धरतो म्हणून, त्यामुळे खोलीत सगळ्यांच्या अंगाला पाणी सुटलेलं. बाई पांढऱ्या साडीत सतरंजीवर बसल्या. त्यांच्या मागे डाव्या हाताला शिष्या तंबोरा घेऊन. शिष्या तेव्हा तिशीतली, नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून उज्जैनला आलेली. काचेच्या अलीकडे माझ्या खुर्चीशेजारी शेठ बसले, मांडीवर ब्रीफकेस घेऊन.

बाईंनी सुरुवात केली. मधलं सप्तक ठीक होतं. मग त्या खाली उतरल्या, आणि आवाज पोकळ झाला. शब्द कळत होते, सूर कळत होता, पण त्याच्या खालचं वजन नव्हतं. जमिनीवर ठेवलेला घडा कुणीतरी उचलून नेला आणि मागे वाटोळा ठसा राहिला, तसं. शिवाय मागे बारीक खरखर.

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "इन की तो खर्ज की बड़ी तारीफ सुनी थी."

मी डब्यावर मीटर लावला. व्होल्टेज पूर्ण होतं. केबल बदलली. काहीच फरक नाही. बाईंना परत गायला सांगितलं. त्यांनी कानाला हेडफोन लावला होता. त्या मधेच थांबल्या.

"मला माझा पंचम ऐकू येत नाहीये."

"जोर द्या बाई थोडा."

त्यांनी जोर दिला. खालचा सूर जोर दिल्याने मोठा होत नाही, फक्त घोगरा होतो. तसाच झाला. परत केलं, परत. शेवटी त्यांच्या गळ्यातून खरंच खरखर आली. तबलजीने पाणी दिलं आणि गंमत करून वातावरण हलकं करायला गेला, "बाईजी, माइक तो विलायती है, हमारे गले देसी हैं, दोस्ती होने में टाइम लगेगा." शेठ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माइक बरा आहे ना रे?"

तबल्याचा डायनॅमिक माइक हाताच्या अंतरावर होता. तो त्यांच्यासमोर धरायला एक मिनिट लागलं नसतं. पण शेठ शेजारी बसले होते. माझ्या माइकवर मीच शंका घेतली असती तर माझी पाटी उतरली असती. मी काचेपलीकडे बोलायचं, टॉकबॅकचं बटण दाबलं आणि म्हणालो, "माइक चांगला आहे बाई. माइक काही जास्त-कमी करत नाही. जे आहे ते देतो."

त्यांनी मान हलवली. मग हेडफोन काढून नीट घडी घालावी तसा मांडीवर ठेवला.

शेठ खाली उतरताना मला म्हणाले, "उमर हो गई है. बुरा मत मानना. उन के पीछे जो तंबूरा ले के बैठी थी, वो गाती है?"

त्याच दिवशी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मला वाटलं. बाई ओट्याशी उभ्या राहून पोहे परतत होत्या. मी सांगितलं की खालचे सूर उतरत नाहीत, वयाने असं होतं, वर अजून छान आहे, हलकी भजनं करू. त्यांनी गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"कधीपासून ते मला कसं कळणार बाई? मी आज ऐकलं."

"हां. घर में तो सब अच्छा ही लगता है," त्या म्हणाल्या आणि मला पोह्यांची बशी दिली. पुढे त्या पोह्यांबद्दलच बोलल्या. शेव इथली घातली आहे, रतलामची संपली, असं काहीतरी.

दिवाळीनंतर शेठनी शिष्येची कॅसेट काढली. रेकॉर्डिंग त्याच माइकवर, त्याच खोलीत झालं. पाऊस केव्हाच संपला होता, सकाळी थंडी पडत होती. शिष्येचा आवाज भरदार आला, खालीसुद्धा. शेठ खूश झाले. "देखो, इस में वज़न है." मलाही शंभर टक्के खात्री पटली की माइकचा दोष नव्हता. तोच माइक, तीच तार, तोच डबा. फक्त गाणारी बदलली. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो? ऋतूसुद्धा बदलला आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बाईंनी तंबोरा शिष्येला दिला. त्याआधी भाद्रपदातच माधव नगरातल्या गणेशोत्सवात त्यांना गायला बोलावलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं होतं. गोष्ट पसरली ती तेव्हापासून. मीही सांगायचो, की बाई समजूतदार, त्यांनी ओळखलं.

पुढच्या श्रावणात एका कीर्तनकार बुवांचं प्रवचन रेकॉर्ड करायचं होतं. बुवा अंगाने थोराड, आवाज तर असा की जिन्यात "आहेत का घरात?" म्हणाले तर खाली चहावाल्याच्या टपरीवरचे पेले थरथरावेत. ते माइकसमोर बसले आणि बोलू लागले. काचेच्या अलीकडे बुवांच्या ऐवजी कुणी बारका, सर्दी झालेला कारकून बोलतोय असं ऐकू आलं. तबलजी आत बसला होता, त्याने हेडफोन लावला आणि हसून लोळला.

"महाराज, आप की आवाज़ किस को उधार दे आए?"

बुवाही हसले. बुवांचा आवाज गेला आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. माणूस समोर गरजत होता. त्यांच्या बाबतीत आम्ही कानावर विश्वास ठेवला.

मी बुवांना चहा दिला, माइक उतरवला आणि खाली दुकानात घेऊन आलो. उघडला. पांढऱ्या खुंटीवर माझ्या बोटाची पेस्ट होती. उन्हाळ्यात ती वाळून पारदर्शक झालेली असणार, आता पावसाची ओल पिऊन चिकट आणि थोडी हिरवट झाली होती. मला ते बघताच सगळं कळलं. रेडिओत कितीही पेस्ट सांडली तरी काही बिघडत नाही, तिथे करंट भरपूर असतो, थोडी गळती कुणाला कळत नाही. इथे मात्र ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी जो रेझिस्टर असतो तो इतका मोठा की तो जवळजवळ तुटलेली तार आहे असंच म्हणावं. त्याच्या शेजारी ओली पेस्ट म्हणजे उघडी वाट. गंमत अशी की ही गळती माझ्या मीटरने कळलीच नसती. तिथे मीटर लावला की मीटरच त्याहून मोठी गळती करतो.

आणि खालचाच सूर का गेला, हेही सरळ होतं. तळाला भोक असलेला घडा भराभर भरला आणि रिता केला तर पाण्याची पातळी चढते-उतरते, भोक कळत नाही. सावकाश भरायला गेलो तर भरेपर्यंत गळून जातं. वरच्या सुरात पडदा झपझप हलतो, त्याला गळती लागत नाही. खर्जात तो सावकाश हलतो, तेवढ्या अवधीत विजेचा तो बदल पेस्टमधून गळून जायचा. बाईंच्या पंचमाचा आणि बुवांच्या गळ्याचा तोच खालचा भाग गळाला होता. खरखरही त्याच वाटेची. कॅप्सूलवरचा मूळ भार मात्र शाबूत होता, तो दुसऱ्या बाजूने येत होता, म्हणून वरचं सगळं ठणठणीत.

कापसाला स्पिरिट लावून मी खुंटी पुसली, दोनदा, तीनदा. टेबल लॅम्पखाली वाळवली. माइक परत जोडून वर नेला. बुवा म्हणाले, "रामकृष्णहरी", आणि काचेच्या अलीकडे खोली भरून गेली.

बुवा गेल्यावर मी बाईंची कॅसेट काढली. शेठनी नाकारलेली, पण मी पुसली नव्हती. बाईंचा ट्रॅक बंद केला. तंबोऱ्याचा ट्रॅक एकटा लावला. तंबोऱ्याचा माइक डायनॅमिक, त्यात पेस्ट लागायचं काही नव्हतं, आणि तो बाईंच्या पाठीमागे डाव्या हाताला ठेवलेला होता. तंबोऱ्याच्या आवाजाखाली, लांब, पाठमोऱ्या, बाई गात होत्या. त्या मंद्राच्या पंचमावर आल्या आणि तिथे बसल्या. सूर जाड, सरळ, कुठेही न हलणारा. मग माझा आवाज येतो, टॉकबॅकच्या स्पीकरमधून, "जोर द्या बाई थोडा." मग त्या जोर देतात आणि घोगऱ्या होतात.

मी तसाच स्कूटर काढून माधव नगरला गेलो. सांगायलाच गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता. बाई वरांड्यात खुर्ची टाकून शाळेतल्या मुलींच्या जुन्या वह्यांची रद्दी वेगळी करत होत्या. मला बघून त्यांनी आत वळून चहाचं सांगितलं.

"बरं झालं आलास," त्या म्हणाल्या. "मला तुला बोलायचंच होतं. वर्षभर माझ्या मनात हेच आहे. माझ्या तोंडावर खरं सांगणारा एक तूच निघालास. बाकी सगळे वा वा करत राहिले असते आणि मी कुठल्यातरी मांडवात हसं करून घेतलं असतं. तुझ्यामुळे वाचले."

चहा आला. मी प्यालो. रद्दीचा भाव विचारला. त्यांना रद्दीवाल्याचा पत्ता दिला आणि परत आलो.

पुन्हा जाईन असं मला तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर बाई बरीच वर्षं होत्या. रस्त्यात भेटायच्या, टावर चौकात भाजी घेताना भेटायच्या. दर वेळी मी ठरवायचो की पुढच्या वेळी. माइक नीट चालत होता, शेठचं काम माझ्याकडे आलं होतं, स्टुडिओ चालला होता. बाई गेल्या तेव्हा त्यांना पोचवायला मी घाटावर गेलो होतो.

त्यांची पुण्यतिथी शिष्या दर वर्षी करते. आता ती स्वतः साठीच्या पुढे आहे, फ्रीगंजमध्ये मुली तिच्याकडे शिकायला येतात. दर वर्षी ती भाषणात तीच गोष्ट सांगते, वेळेवर थांबण्याची. दर वर्षी मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकतो. या वर्षी पुण्यतिथीच्या आधी मी जुना रेकॉर्डर दुरुस्त केला, तंबोऱ्याचा ट्रॅक एकटा पेन ड्राइव्हवर घेतला आणि तिच्या घरी गेलो. खुंटीपासून सगळं सांगितलं. मग ट्रॅक लावला.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. त्या तंबोऱ्यावरची बोटं तिचीच होती.

"घरी त्या सकाळी रियाज करायच्या तेव्हा मी ऐकायची," ती म्हणाली. "खर्ज होता हो. मला रोज ऐकू येत होता. त्या दिवशी मी तर हातभर अंतरावर बसले होते. पण तुम्ही म्हणालात, माइक जे आहे ते देतो. मला वाटलं, आपल्याला काय कळतं, यांच्या मशीनला कळत असेल."

मी पेन ड्राइव्ह काढून घेतला.

"आणि तुम्ही त्यांना सांगायला गेला होतात."

"गेलो होतो."

"आणि चहा पिऊन आलात."

"हो."

तिने उठून खिडकी लावली, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता. "माझी कॅसेट मला आता नको आहे, काका. पण ते माझं मी बघीन. तुम्ही एक करा. या वर्षी भाषण मी करणार नाही. तुम्ही उभे राहा, आणि हे लावा."

मी उभा राहिलो. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक म्हातारी, काही शिष्येच्या विद्यार्थिनी. मी वर लिहिलं आहे तेच थोडक्यात सांगितलं. घडा, भोक, पेस्टची डबी. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त मास्तरांनी मान खाली घातली होती, ते ऐकत होते की झोपले होते कळलं नाही. मग मी ट्रॅक लावला. तंबोरा भरून वाजू लागला, आणि त्याच्या मागे, फार मागे, बाई खाली उतरू लागल्या.

मागच्या रांगेतून एक विद्यार्थिनी उठली. "काका, तंबोरा जरा कमी करा ना. बाई नीट ऐकू येत नाहीयेत."

मला तिला सांगावं लागलं की ते करता येत नाही. दोघी एकाच माइकमधून एकाच ट्रॅकवर गेल्या आहेत, तंबोरा कमी केला की बाईही कमी होतील. बाईंचा वेगळा ट्रॅक आहे, पण त्यावर खर्ज नाही.

ती पुढे आली आणि स्पीकरच्या अगदी जवळ, जमिनीवर बसली.